परीक्षेच्या आठवड्यांत रूममेटला द्यायची चिठ्ठी

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलला दोघींची खोली आहे. माझी एंड-सेम १७ नोव्हेंबरला सुरू होते, म्हणजे बारा दिवस राहिले. रूममेट फार्मसीची आहे, तिचे पेपर आठवडाभर उशिरा, २४ पासून. ती रात्री साडेअकरापासून एक-दीडपर्यंत फोनवर बोलते, मग स्पीकरवर रील्स. मी दहाला झोपून चारला उठणारी. मागच्या आठवड्यात मी चिडून बोलले, तेव्हापासून कामापुरतंच बोलणं आहे. आता चिठ्ठी लिहिते आहे: ‘कृपया निदान परीक्षेच्या काळात तरी रात्री शांतता ठेवशील का? मला अभ्यास करायचा असतो.’ पण हे वाचून ती आणखी चिडेल असं वाटतं. कसं लिहू?

उत्तर: चिडेल. आणि बहुतेक तीनच शब्दांमुळे चिडेल. मी मुलींच्या वसतिगृहात चौदा वर्षं रेक्टर होते, अशा चिठ्ठ्या माझ्या टेबलावर कितीतरी आल्या, त्यामुळे आधी शब्दांचंच सांगते.

‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द आहे. ‘कृपया शांतता राखा’, ‘कृपया चपला बाहेर काढा’. एका ताटातलं लोणचं वाटून खाल्लेल्या मुलीला आपण ‘कृपया’ म्हणत नाही. म्हटलं की अंतर पडलं हे तिला कळतं. ‘निदान’ आणि ‘तरी’ ही जोडी त्याहून वाईट. ‘निदान परीक्षेत तरी’ याचा अर्थ वाचणारीला असा लागतो की एरवी तू कशी वागतेस ते मी सहन करतेच आहे. विनंती एका ओळीची आणि तिच्या पोटात वर्षभराची तक्रार. हे दोन शब्द काढले की वाक्य निम्मं सौम्य होतं. ‘मला अभ्यास करायचा असतो’ हेही काढ. अभ्यास तिलाही करायचा आहे, तिचेही पेपर आहेत.

पण शब्द नंतर. त्याआधी एक काम आहे, जे न केल्यामुळे बहुतेक चिठ्ठ्या फसतात. एक कोरा कागद घे आणि त्यावर दोघींची वेळापत्रकं शेजारी शेजारी मांड. तुझं तुझ्याकडे आहेच, तिचं कॉलेजच्या नोटीस बोर्डावर किंवा तिच्या टेबलासमोर चिकटवलेलं असेल. तू दोघींच्या पहिल्या तारखाच दिल्या आहेस, म्हणून पुढच्या मी धरून चालते. तुझ्या खऱ्या तारखा घालून हाच हिशेब कर. समज, तुझे पेपर १७, २०, २२, २५ आणि २८ नोव्हेंबरला आहेत. तिचे २४, २६, २८ नोव्हेंबर आणि मग १ व ३ डिसेंबर. आता पेपरच्या आदल्या रात्रींवर गोल कर. तुझ्या १६, १९, २१, २४, २७. तिच्या २३, २५, २७, ३० आणि २ डिसेंबर.

हा कागद नीट बघ. १६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर अशा सतरा रात्री आहेत. त्यांतल्या ‘उद्या पेपर आहे’ अशा रात्री नऊच. चार फक्त तुझ्या, चार फक्त तिच्या, आणि २७ ची दोघींची. म्हणजे तू ज्याला ‘परीक्षेचा काळ’ म्हणतेस आणि जो तिला तीन आठवड्यांची संचारबंदी वाटेल, तो तिच्याकडून मागण्यापुरता चार रात्रींचा आहे. आणि तेवढ्याच चार रात्री तू तिला देणार आहेस. अशी बरोबरी प्रत्येक वेळी येत नाही. एकीचे पेपर सहा आणि दुसरीचे दोन असले की मागणारीने आपण होऊन जास्त द्यावं लागतं. पण हिशेब कागदावर असला तर बोलणं त्या कागदाबद्दल होतं, तिच्या वागण्याबद्दल होत नाही.

सगळ्याच रात्री शांतता का मागू नये, हेही सांगते. ज्या मुलींनी महिनाभराची शांतता मागितली, त्यांना समोरून ‘हो’ लगेच मिळालं आणि ती शांतता चौथ्या-पाचव्या दिवशी मोडली. इतके दिवस कुणी आपलं आयुष्य थांबवत नाही. आणि एकदा मोडलेला शब्द पेपरच्या आदल्या रात्रीही मोडायला सोपा जातो. मोजक्या रात्री मागितल्या तर त्या लक्षात राहतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांना गोल करता येतो.

आता आवाजाचं. तू ‘शांतता’ लिहिलंस, त्याचा अर्थ ती ‘हळू बोल’ असा घेईल आणि पांघरुणात तोंड घालून कुजबुजत बोलेल. त्याने तुझं काम होणार नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या गाड्यांचा एकसारखा आवाज, याची कानाला सवय होते. शब्द ओळखता येणाऱ्या बोलण्याची होत नाही. त्यातही फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू ऐकू येते, आणि मन नकळत दुसरी बाजू जुळवत बसतं. ‘अय्या, मग?’ एवढं ऐकलं की झोप गेली. शिवाय कानात इअरफोन घातले की आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही आणि माणूस जास्त मोठ्याने बोलतो. म्हणून आवाज कमी करण्याची मागणी करूच नकोस, जागा बदलण्याची कर. रील्सना इअरफोन पुरतात, बोलण्याला जागाच लागते.

मग ती जागा आधी तू शोधायची. हे काम तिच्यावर टाकलंस तर चिठ्ठी तिथेच संपली. मुलींच्या वसतिगृहात रात्री गच्चीला कुलूप असतं, गेट बंद असतं, व्हरांड्यात बोललं तर शेजारच्या खोलीची कडी वाजते. उरतं काय? कॉमन रूम, जिन्याचा वळणाचा भाग, बंद झालेल्या मेसचा पुढचा पट्टा. रात्री साडेअकराला फोन घेऊन तिथे स्वतः जाऊन ये. दिवा चालू राहतो का, बसायला खुर्ची आहे का, डास किती, आणि मुख्य म्हणजे रेंज येते का ते बघ. जुन्या दगडी इमारतींत रेंज फक्त खिडकीशेजारच्या कॉटवर येते आणि भांडण त्या कॉटवरून पेटतं, हे मी अनेकदा पाहिलंय. अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि पहाटे किती वाजता उघडते, हेही रेक्टरांना किंवा वॉचमन मावशींना विचारून ठेव. परीक्षेच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी ती वेळ वाढवतात. पहाटेची वेळ तुझ्यासाठी लागणार आहे.

कारण आता तुझ्या बाजूला येऊ. तू चारला उठतेस, हे तू एका वाक्यात सांगून मोकळी झालीस. मी तुझी खोली पाहिलेली नाही, पण पहाटे उठणाऱ्या मुलींच्या खोल्या खूप पाहिल्या आहेत. अलार्म वाजतो, स्नूझ होतो, पुन्हा वाजतो. मग ट्यूबलाइट. बादलीची कडी, स्टीलच्या डब्याचं झाकण, केटलचा खटका. तू दहा ते चार झोपतेस आणि ती साधारण दीड ते आठ. दोघी एका वेळी झोपलेल्या असतात फार तर दीड ते चार, म्हणजे अडीच तास. तिची रात्र तुला त्रासाची होते, तशी तुझी पहाट तिला होते. फक्त ती अजून त्यावरून चिडून बोललेली नाही. चिठ्ठीत हे तू आधी लिहिलंस तर तिच्या हातातला हुकमाचा पत्ता तू स्वतःच टेबलावर ठेवलास.

आणि ती साडेअकरालाच का बोलते, ते तुला माहीत आहे का? एका वर्षी दोन मुलींचं असंच जुंपलं होतं. तक्रार करणारीची खात्री होती की रूममेट मित्राशी गप्पा मारते. खरं तर त्या रूममेटची आई एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होती. पाळी अकराला सुटायची, घरी पोचून हातपाय धुऊन आई फोन करायची. दिवसभरात तेवढीच वेळ. हे कळल्यावर तक्रार करणारी मुलगी मुकाट्याने उठून गेली, आणि पेपरच्या आदल्या दिवशी त्या मायलेकी रात्रीऐवजी सकाळी बोलू लागल्या. तुझ्या खोलीत असंच काही असेल असं मी म्हणत नाही. असू शकतं, म्हणून चिठ्ठीत त्याला जागा ठेव. मात्र ‘कोणाशी बोलतेस’ असं विचारू नकोस. ‘त्याच वेळी बोलावं लागत असेल तर सांग’ एवढं पुरे.

हे सगळं धरून मी चिठ्ठी अशी लिहीन. वर तू तिला ज्या नावाने हाक मारतेस तेच नाव, हजेरीच्या वहीतलं नको.

> त्या रात्री मी चिडून बोलले. ते चुकलं.
>
> पहाटे माझा अलार्म चारचारदा वाजतो आणि तुझी झोप मोडते, हे माझ्या लक्षात आलंय. बुधवारपासून तो उशीखाली व्हायब्रेटवर आहे.
>
> आपली दोघींची वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहिली, कागद सोबत आहे. १६ नोव्हेंबर ते २ डिसेंबरमध्ये ‘उद्या पेपर’ अशा रात्री नऊच आहेत. माझ्या १६, १९, २१, २४. तुझ्या २३, २५, ३० आणि २ डिसेंबर. २७ ची दोघींची.
>
> मला असं सुचतंय. माझ्या चार रात्री अकरानंतर फोनवरचं बोलणं खालच्या कॉमन रूममध्ये, आणि रील्स इअरफोनवर. तिथे रेंज आणि दिवा दोन्ही आहे, मी जाऊन पाहिलं. तुला वाचायचं असेल तर टेबल लॅम्प हवा तेवढा वेळ लाव, मला चालतो.
>
> त्या चारही सकाळी मी पाचच्या आत उठणार नाही, आणि उठले की सात वाजेपर्यंत अभ्यासिकेत बसेन.
>
> तुझ्या चार रात्रींना तुला काय हवं ते तू सांग. मी आपलं असं धरलंय की तू उशिरापर्यंत वाचतेस, म्हणून सकाळी मी सातपर्यंत खोलीत ट्यूब लावणार नाही आणि आवाज करणार नाही. २७ ला दोघीही अकराला गप्प होऊ.
>
> २८ ला माझे पेपर संपतील, तुझे दोन उरतील. बॅग मी २९ ला दुपारी, तू लायब्ररीत असताना भरेन. ३ तारखेपर्यंत खोलीवर कुणाला बोलावणार नाही.
>
> बाकीच्या आठ रात्री नेहमीसारख्या. तुला साडेअकरालाच बोलावं लागत असेल तर सांग, दुसरं काहीतरी काढू.

पहिल्या दोन वाक्यांनंतर तुला ‘पण’ लिहावंसं वाटेल. ‘ते चुकलं, पण मलाही टेन्शन होतं.’ तो ‘पण’ आला की माफी परत घेतल्यासारखी होते. टेन्शन तिला दिसलं होतंच.

२८ तारखेचा परिच्छेद तुला जास्तीचा वाटला असेल. माझ्या मते चिठ्ठीतला सर्वांत वजनदार भाग तोच आहे. वसतिगृहातली परीक्षेची निम्मी भांडणं आधी सुटलेल्या मुलीमुळे होतात. शेवटचा पेपर दिला की मैत्रिणी खोलीवर जमतात, वडापाव येतो, ट्रॉलीची चाकं फरशीवर घरंगळतात, कपाटाची दारं आपटतात, आणि कोपऱ्यात दुसरी मुलगी उरलेल्या पेपरची वही घेऊन बसलेली असते. पहिल्या आठवड्यात तू मागणारी आहेस; शेवटच्या आठवड्यात देणारी होशील. आपलं काम झाल्यावरचं देणंही तू आधीच लिहून ठेवलंस, की मागणं स्वार्थी वाटत नाही.

‘तू सांग’ हेही मोकळं सोडलंय ते मुद्दाम. तिच्या रात्रींचे नियम तूच ठरवून दिलेस तर ती तुझीच योजना राहते. ती कदाचित म्हणेल की मला शांतता नको, मला रात्री दोनपर्यंत ट्यूब हवी, लॅम्पवर डोळे दुखतात. तेव्हा डोळ्यांवर ओढणी बांधून झोपावं लागेल. ते तुझ्या वाटणीचं. ते द्यायची तयारी नसेल तर हा परिच्छेद लिहू नकोस आणि चिठ्ठीही देऊ नकोस.

आता ही योजना कुठे मोडेल, ते मला दिसतंय. २३, २४ आणि २५ या तीन रात्री लागोपाठ आहेत: तिची, तुझी, तिची. २४ ला तिचा पहिला पेपर झालेला असेल. पहिला पेपर चांगला गेला असो की वाईट, त्या दिवशी घरी भरभरून बोलायचं असतं, आणि नेमकी ती रात्र तुझी आहे. म्हणून २४ ला संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तूच तिला खोली दे. ‘मी तासभर लायब्ररीत जाते, तू घरी बोलून घे’, एवढं म्हण. अकरापर्यंत तिचं बोलून झालेलं असेल. हे चिठ्ठीत लिहायचं नाही, करायचं.

तरीही एखाद्या रात्री अकरा वाजून गेले आणि बोलणं चालूच आहे असं होईल. त्या वेळी पांघरूण डोक्यावरून ओढून सुस्कारा टाकणं किंवा कूस बदलत कॉट करकरवणं, हे आपल्याकडचं जुनं शस्त्र आहे आणि ते कधीच लागू पडत नाही. दोघींत आधीच एक खूण ठरवा. तू तिच्या फोनवर फक्त ‘११’ असा मेसेज टाकायचा. फोनवरच्या माणसाला काही कळत नाही, तिला उठून जाता येतं, सगळ्यांसमोर टोकल्यासारखं होत नाही. तूही पहाटे आवाज करू लागलीस तर तिने ‘५’ टाकायचा.

चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस. बोलणं बंद असताना लांबलचक मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट आधी दुसऱ्या मैत्रिणीकडे जातो आणि उत्तर तिथे तयार होतं. दारावर किंवा आरशावर चिकटवू नकोस, ती नोटीस होते. उशीवर ठेवून पळूनही जाऊ नकोस. हाताने लिही, वहीच्या एका पानात बसेल एवढंच. रविवारी दुपारी जेवणानंतर दोन कप चहा आण आणि हातात देताना म्हण, ‘मला तोंडाने नीट सांगता येत नाही म्हणून लिहिलंय, वाच आणि सांग.’ मग ती वाचत असताना तिच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस; कपडे आण, पाणी भर. रात्री देऊ नकोस आणि १५-१६ तारखेपर्यंत थांबूही नकोस. पेपरच्या तोंडावर दिलेली चिठ्ठी कितीही गोड असली तरी दटावल्यासारखी वाचली जाते.

सही घ्यायचा मोह टाळ. हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. एका वर्षी मी छापील करारपत्रच काढलं, खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि ते दारामागे लावायला सांगितलं. आठवड्यात मुली ती पत्रं घेऊन माझ्याकडे आल्या: ‘मॅडम, कलम तीन बघा.’ तोपर्यंत एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या, आता माझ्यामार्फत बोलू लागल्या. पुढच्या परीक्षेला मी ती सगळी उतरवली.

तिचं उत्तर ‘हो हो, बघू’ असं आलं तर ते ‘नाही’ समज. त्याच दिवशी हिशेबाचा कागद घेऊन तिच्याजवळ बस आणि फक्त पहिली रात्र ठरव, १६ ची. ती पार पडली तर १९ बद्दल बोल. ती रागाने ‘मला हे जमणार नाही’ म्हणाली तर वाद घालू नकोस. अडचण जागेची आहे की वेळेची, एवढं विचार. जागेची असेल तर सुटण्यासारखी आहे.

रेक्टरांकडे कधी जायचं? लागोपाठ दोन ठरलेल्या रात्री बुडाल्या आणि ‘११’ ला उत्तरच आलं नाही, तर. तेव्हाही ‘तिला समज द्या’ असं सांगू नकोस. ‘आजच्या रात्रीपुरती मला दुसरीकडे झोपायची सोय होईल का’ असं विचार. परीक्षेच्या मध्यात खोली बदलून देणं सहसा कुणालाच जमत नाही, पण एका रात्रीसाठी सिक रूममधली रिकामी कॉट किंवा घरी गेलेल्या मुलीची जागा मी नेहमी काढून देत असे. रात्री अकराला दार वाजवण्यापेक्षा संध्याकाळी हजेरीच्या वेळी विचारलंस तर काम लवकर होईल.

आणि आज बुधवार आहे. स्नूझ आजच बंद कर, ट्यूबऐवजी लॅम्प लाव, डबा रात्रीच भरून ठेव. रविवारी चिठ्ठी तिच्या हातात देशील तोवर तिच्या चार सकाळी न मोडता गेलेल्या असतील, आणि ‘बुधवारपासून’ हा शब्द खरा आहे की नाही हे तिला विचारावं लागणार नाही.